नातू साडेपाच वर्षं माझ्याकडे होता, आता आईवडील परत आलेत. मी काही दिवस लांब जावं का?

निर्मला_सावंतवाडी
नमस्कार. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा आणि सून दोघं कुवेतला होते, तो एसी टेक्निशियन, ती एका खाजगी दवाखान्यात नर्स. नातू ऑक्टोबर २०१८ चा, इथेच झाला. सून डिसेंबर २०१९ मध्ये परत कामावर गेली तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता, नुकता चालायला लागलेला. ठरलं असं होतं की मुलाचा पगार वाढला की व्हिसा करायचा आणि वर्षभरात बाळाला न्यायचं. तर मार्चमध्ये विमानंच बंद झाली. मग ते सगळं निवळेपर्यंत २०२२ उजाडलं, त्यावर्षी गणपतीला महिनाभर येऊन गेले, आणि तोवर कुवेतने फॅमिली व्हिसा देणंच थांबवलं होतं. २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा अट निघाली आठशे दिनार पगाराची, मुलाला त्याच्या निम्म्याहून जरा जास्त मिळायचे. मग दोघांनी ठरवलं की पुरे, आणि या मे महिन्यात कायमचे घरी आले.

आता खरी गोष्ट. नातू मला आई म्हणतो. कुणी शिकवलं नाही, त्याचा बाप मला आई म्हणायचा ते ऐकून तोही म्हणायला लागला. सुनेला मम्मी म्हणतो, ती मम्मी म्हणजे त्याच्यासाठी रात्री साडेआठला फोनमध्ये येणारी बाई, तिकडे तेव्हा सहा वाजलेले असायचे, ड्युटी संपवून ती रस्त्यानेच बोलायची. आल्यावर पहिले चार दिवस छान गेले, चॉकलेटं, रिमोटची गाडी, सगळं. पाचव्या दिवशी त्याने तिला सरळ विचारलं, "तू परत कधी जाणार?" ती म्हणाली, मी आता जाणार नाही. तर हा उठला आणि माझ्या पदराखाली येऊन बसला. त्या रात्री सुनेने त्याला आपल्या खोलीत झोपवायचा प्रयत्न केला तर "माका आई व्हयी" करून एवढा रडला की ओकला. सून पण रडली, दाराबाहेर मी पण.

आता दोन महिने होत आले. ती जेवण भरवायला गेली की तोंड मिटतो. माझी नणंद आणि शेजारच्या वहिनी म्हणतात की तू घरात आहेस तोवर तो तिच्याकडे जाणार नाही, तू दोन महिने पुण्याला लेकीकडे जा, आपोआप रुळेल. सून काही म्हणत नाही पण तिच्या मनात तेच असावं असं वाटतं. मी जाईन, माझं काही नाही. पण हे बरोबर आहे का ते कुणी सांगेल का?

विजय_ठाणे
काकू, कटू वाटेल पण नणंदबाईंचं बरोबर आहे. मुलं लवकर विसरतात. माझ्या भावाच्या मुलीचं असंच होतं, आजी गावाला गेली आणि पंधरा दिवसांत पोरगी आईच्या मागे मागे फिरायला लागली, हूं का चूं नाही. तुम्ही समोर असताना त्याला तुम्ही सोडून दुसरं कुणी हवंच कशाला? त्या माउलीला संधी तरी द्या.

रुबिना_दुबई
निर्मलाताई तुमचं वाचून पोटात कालवलं. माझी मुलगी रत्नागिरीला माझ्या अम्मीकडे आहे, अडीच वर्षांची. इथे व्हॉट्सॲप कॉल चालत नाही, आम्ही बोटीमवरून बोलतो, पण ती आजकाल फोन समोर धरला की पळून जाते. अम्मी तिला पकडून आणून बसवते, "मम्मीला फ्लाइंग किस दे" म्हणते आणि ती रडते. मी काय करू? कॉल बंद करू का थोडे दिवस?

सदानंद_कुडाळ
यात कायदेशीर बाजू पण बघा. आजी-आजोबांनी एवढी वर्षं सांभाळलं असेल तर पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करता येतो, मूल कुणाकडे राहील ते मुलाचं हित बघून कोर्ट ठरवतं. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून कुणाचं नाव आहे?

निर्मला_सावंतवाडी
सदानंदभाऊ, नाही हो, तसलं काही नाही. मला नातू माझ्याकडे ठेवायचा नाहीये. तो त्याच्या आईचा व्हावा एवढंच विचारतेय, आणि त्याला कमीत कमी त्रास होऊन व्हावा.

अरुंधती_कोल्हापूर
निर्मलाताई, मी वीस-बावीस वर्षं लहान मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काम केलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देते. जाऊ नका. निदान असं, दोन महिन्यांसाठी, एकदम, तर अजिबात नाही.

का ते सांगते. सून गेली तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलाला "आई कामाला गेलीये, परत येईल" हे समजत नाही. समजतं एवढंच की रात्री जिच्या कुशीत झोपायचो ती नाहीये. तेव्हा तुम्ही होतात म्हणून तो उभा राहिला, आणि तेव्हापासून त्याच्या लेखी आई म्हणजे तुम्ही. त्यामुळे मोठ्यांना जी भेट वाटते ना, आईवडील परत आले, घर भरलं, ती त्याच्या बाजूने बघा. दोन माणसं आली, चांगली आहेत, खेळणी आणतात, पण ती मला माझ्या आईपासून वेगळं झोपवायला बघतात. अशात तुम्ही खरंच नाहीशा झालात तर त्याची भीती खरी ठरेल. आणि हे त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा होईल.

विजयराव म्हणतात तशी मुलं पंधरा दिवसांत शांत होतात हे खरंय, मी पण पाहिलंय. पण शांत होणं म्हणजे रुळणं नाही. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन नावाच्या इंग्लंडमधल्या माणसाने एका दोन वर्षांच्या मुलीचं हॉस्पिटलमधलं राहणं कॅमेऱ्यात टिपलं होतं. आठ दिवस, आई तिथे राहत नव्हती, नुसती मधूनमधून भेटायला यायची. तेव्हा डॉक्टर-नर्स म्हणायचे की मुलं एकदोन दिवस रडतात आणि मग सरावतात. त्याने दाखवलं की मूल आधी रडून आईला शोधतं, मग खचतं, आणि जास्त दिवस झाले तर त्या माणसातून मनच काढून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला ती तिसरी पायरीच सगळ्यात शहाणी वाटते. हूं का चूं न करणारी मुलगी बघितली की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. विजयराव, तुमच्या पुतणीबद्दल मी काही म्हणत नाही हं, मी तिला पाहिलेलं नाही.

विजय_ठाणे
ठीक आहे, तुमचा अनुभव मोठा आहे. पण मग आईने किती दिवस असं रडत बसायचं? आजी समोर असताना तो आईकडून एक घास घेत नाहीये हे त्याच लिहितायत ना.

अरुंधती_कोल्हापूर
बरोबर प्रश्न आहे, आणि तुमच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहेच. आईला त्याच्याबरोबर एकटं असायला मिळायला हवं. पण ते तासाभरापासून सुरू करायचं, दोन महिन्यांपासून नाही. "मी बाजारात जाऊन येते, घड्याळाचा मोठा काटा परत बारावर आला की येते" असं त्याला सांगून जायचं आणि तेव्हाच यायचं. चुकून पण न सांगता मागच्या दाराने जायचं नाही. पुढे तासाचे तीन तास, मग अर्धा दिवस. तो रडेल, रडू दे, आईने जवळ बसावं, "आजीची आठवण येतेय ना" म्हणावं. गप्प बसवायला मोबाईल देऊ नये.

दुसरं म्हणजे सुनेने सगळ्यात अवघड दोन गोष्टींना आधी हात घातलाय, जेवण आणि झोप. ज्या माणसाचा भरवसा नाही त्याच्या हातून मूल या दोन गोष्टी शेवटी घेतं. तुम्ही एक अशी गोष्ट निवडा जी आजवर तुम्ही दोघं करतच नव्हता, म्हणजे कुणाकडून काढून घेतल्यासारखी वाटणार नाही, आणि ती रोज, ठरल्या वेळी, फक्त सुनेची. तुम्ही घरातच असा, पण हाताला काम असू दे, तांदूळ निवडा, काहीही करा. त्याने वळून बघितलं की तुम्ही दिसायला हव्यात, बस. ते जमलं की आंघोळ, मग शाळेचं दप्तर, मग जेवण. झोप सगळ्यात शेवटी. आणि हे आठवड्यांत मोजू नका, महिन्यांत मोजा.

रुबिना, तुझी मुलगी अडीच वर्षांची आहे, तिला पकडून बसवायला नको. अम्मीला सांग, फोन समोर उभा करून ठेव आणि ती खेळतेय तिथेच खेळू दे, तू तिकडून भाजी चिरत बस, नुसता आवाज असू दे. दहा मिनिटं पुरे. कॉल बंद करू नकोस.

मंदार_डोंबिवली
मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी त्या नातवाच्या जागी होतो. आईबाबा मस्कतला, मी चिपळूणजवळच्या गावात आजीआजोबांकडे, दोन वर्षांचा असल्यापासून आठ वर्षांचा होईपर्यंत. ९० च्या दशकातली गोष्ट. फोन महाग म्हणून आई कॅसेट भरून पाठवायची, कुणी येणाऱ्याच्या हाती. दर रविवारी आजी ती टेपरेकॉर्डरवर लावायची, आई त्यात गोष्ट सांगायची, मध्येच मागून बाबांचा खोकला यायचा. मला तो आवाज पाठ होता. आणि मग एक दिवस तो आवाज घेऊन एक बाई अंगणात उभी, वेगळ्याच वासाची, अत्तर आणि सुटकेसचा वास. मला आठवतं की मी डोळे मिटून तिला म्हणालो, बोल. डोळे मिटले की ती आई होती, उघडले की नव्हती.

पंधरा दिवसांत मला डोंबिवलीला आणलं. आजी स्टँडवर आली नाही, मला वाटलं ती रागावलीये. खूप वर्षांनी कळलं की तिला येऊ नको असं सांगितलेलं, पोरगा रडेल म्हणून. मी रडलो नाही. सगळे म्हणाले किती शहाणा. अरुंधतीताई म्हणतात ते शहाणपण मी आतून पाहिलंय. आई खूप करायची, अजून करते, तिला माझ्या आवडीची आमटी बरोबर येते. पण मला ताप आला की आजही आजीच आठवते, आणि आईला ते कळतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

काकू, जाऊ नका. आणि कधी जावं लागलंच तर त्याच्या समोरून जा, निरोप घेऊन जा.

निर्मला_सावंतवाडी
मंदार, बाळा, दोनदा वाचलं तुझं. रात्री मुलाला आणि सुनेलाही वाचून दाखवलं.

एक कबूल करायचंय. तो लहान असताना दंगा करायचा तेव्हा मी म्हणायचे, असा वागलास तर मम्मी येणार नाही हं. इथे सगळेच म्हणतात, त्यात काही वाईट आहे असं वाटलं नाही. आणि आता ती आल्यावर परवा माझ्याच तोंडून निघालं, मम्मीला त्रास देऊ नको, नाहीतर ती परत जाईल. त्यावर त्याने काय करावं, त्या संध्याकाळी तो तिला चावला. दंडाला, वळ उठेपर्यंत. मी त्याला ओरडले. आता डोक्यात येतंय की त्याला ती जायला हवी असेल, तर मीच त्याला रस्ता दाखवला.

अरुंधती_कोल्हापूर
ताई, तुम्ही शोधलंत ते फार महत्त्वाचं आहे. या एका वाक्याने किती घरांत गाठ बसलेली मी पाहिलीये. त्या वाक्यातून मुलाला दोन गोष्टी कळतात. एक, आई इतकी वर्षं आली नाही ती माझ्या दंग्यामुळे. दोन, माणसं घालवायची चावी माझ्या हातात आहे. साडेसहा वर्षांच्या मुलाला ही दोन्ही ओझी झेपत नाहीत. चावा कदाचित तिला घालवायला असेल, किंवा खरंच जाते का ते बघायलाही असेल. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

हे वाक्य तुम्हीच मागे घ्या, सुनेसमोर, साध्या भाषेत. मी चुकीचं बोलले होते, मम्मी विमान बंद होतं आणि कागद मिळत नव्हता म्हणून आली नाही, तुझ्यामुळे नाही, आणि आता तू कितीही चिडलास तरी ती जाणार नाही. एकदा सांगून भागणार नाही, पाचदहा वेळा सांगावं लागेल.

आणि एक खूण सांगते. तो तिच्यावर चिडतोय, ही वाईट बातमी नाही. नुसत्या पाहुण्यावर मूल असं चिडत नाही. ज्या दिवशी तो पडेल, गुडघा फुटेल, आणि रडत कुणाकडे बघेल ते लक्षात ठेवा. त्यावरून कळेल, खाऊ कुणाकडे मागतो त्यावरून नाही. मात्र रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि थांबेना, वजन उतरलं किंवा शाळेत बोलणंच बंद झालं, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

निर्मला_सावंतवाडी
मी त्यांची सून. आईंनीच मोबाईल हातात दिला, म्हणाल्या तुझं तू लिही. मी अठरा-अठरा तास ड्युटी केलीये पण इतकी थकले नव्हते. तिकडे एका घरी लहान बाळाला इंजेक्शन द्यायला जायचे, त्याचा हात धरला की माझ्या छातीत दुखायचं. इथे माझंच बाळ माझ्या हातचा भात थुंकतं. आणि खरं सांगते, मला आईंचा राग यायचा. त्यांनी माझं मूल जगवलं आणि मला त्यांचा राग यायचा, त्या ओरडल्या नाहीत म्हणून पण, ओरडल्या म्हणून पण. त्यांनी पुण्याला जावं असं माझ्या मनात होतं, हो. मंदारदादांचं वाचल्यावर नाही राहिलं. कॅसेट माझ्याकडे नव्हती, पण त्याचे साडेआठचे स्क्रीनशॉट आहेत, चारशेच्या वर. त्यात तो मोठा होत जातो आणि माझा चेहरा कोपऱ्यातला चौकोन आहे.

मंदार_डोंबिवली
वहिनी, ते स्क्रीनशॉट त्याला दाखवा. मोबाईलवर नको, थोडे छापून घ्या. माझ्या आईने त्या कॅसेटवर पुढे गाणी भरली, मला आजही ते लागतं.

रुबिना_दुबई
अम्मीला सांगितलं फोन नुसता ठेवायला. काल मी इकडे चपात्या लाटत होते, तिने दहा मिनिटं काही केलं नाही आणि मग येऊन स्क्रीनला बिस्किट भरवलं. एवढंच सांगायला आले.

निर्मला_सावंतवाडी
गणपती झाले, आता सांगते काय काय झालं ते.

संध्याकाळची मोती तलावाची फेरी सुनेची ठरवली. मी त्याला कधी नेत नव्हते, माझे गुडघे दुखतात. पहिला आठवडा तो तिच्यापासून दहा पावलं पुढे चालायचा, हात द्यायचा नाही. मी गॅलरीत बसून असायची कारण त्याने आधीच विचारून ठेवलं होतं की तू हयच असशील ना. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला विचारलं की तलावाचं पाणी कुठून येतं, हे तू मला शिकव, मला माहीत नाही. तिथपासून तो तिच्याशी मालवणीत बोलायला लागला, आधी शाळेतल्यासारखं बोलायचा. ती घाटावरची, तिला अर्धं कळत नाही, तो दुरुस्त करतो आणि त्याला ते फार आवडतं.

ते वाक्य मी मागे घेतलं. तो काही बोलला नाही. तीन दिवसांनी आंघोळ करताना मला म्हणतो, मग विमान कोणी बंद केलेला? मी सांगितलं, सगळ्या जगात आजार आला होता. मग पुढे रोज एकेक प्रश्न. फोटो छापून आणले, चाळीस. त्याने ते जमिनीवर रांगेत लावले आणि प्रत्येकात दात किती ते मोजले.

जेवण अजून मीच भरवते रात्रीचं, सकाळचं तिच्या हातून घेतो. झोपायला माझ्याकडेच. सुनेची गादी आता आमच्या खोलीत घातलीये, तो मध्ये. मुलगा बाहेर एकटा झोपतो, त्याचं त्याला वाईट वाटत असेल, त्याच्याकडे आमचं सगळ्यांचं दुर्लक्षच झालं हे आता लिहिताना जाणवतंय.

विसर्जनाच्या दिवशी पायरीवर घसरला, कोपर सोललं. मी समोर, सून मागे. रडत माझ्याकडे आला. पण माझ्या मांडीवर बसून हात मात्र तिच्यापुढे धरला, कारण ती नर्स आहे म्हणे, तिला कळतं. अरुंधतीताई, याचं काय धरायचं?

आणि अजून एक. सुनेला पणजीत नोकरी मिळतेय, दिवाळीनंतर. दोघं तिकडे खोली घ्यायचं म्हणतायत, शाळा पण बदलेल. मी इथलं घर सोडून जाऊ शकत नाही, ह्यांना पॅरालिसिस आहे.

अरुंधती_कोल्हापूर
कोपराचं चांगलं धरा. एक माणूस सोडून दुसरा धरायचा असं त्याला करावं लागलं नाही, दोघी एकाच वेळी मिळाल्या.

पणजीबद्दल मात्र मला बरं वाटत नाहीये. नवी नोकरी, नवं घर, नवी शाळा आणि तुम्ही नाही, हे सगळं एकाच महिन्यात त्याच्यावर पडेल. शाळेचं वर्ष इथेच पूर्ण करता आलं, एप्रिलपर्यंत, आणि तोवर सून येऊनजाऊन राहिली किंवा मुलगा आधी गेला, तर बघा. सावंतवाडीहून पणजी फार लांब नाही. जायचंच झालं तर आधी दोनतीन रविवार तुम्ही सगळे मिळून ती खोली बघायला जा, त्याची एखादी वस्तू तिथे ठेवून या आणि एखादी तुमच्याकडे राहू दे. पैशाची गरज मला कळते, म्हणून हट्ट करत नाही. यजमान आजारी असताना तुम्ही एवढं सगळं करताय हे मला आज कळलं.

विजय_ठाणे
मी आधी लिहिलेलं जरा घाईत होतं. भावाला फोन केला काल. पुतणी आता चौदा वर्षांची आहे. तो म्हणाला बोलत नाही फारशी, वयच तसं आहे. असेलही.

निर्मला_सावंतवाडी
नोकरीचं अजून ठरलं नाही. सून म्हणाली, जानेवारीपर्यंत थांबतात का विचारते. त्याला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही, पण त्याने काहीतरी ऐकलंय. काल माझी उशी त्याच्या दप्तरात कोंबलेली सापडली. मी ती तशीच राहू दिलीये.